टकटक ऐकू आली की वायर काढा

मावसभावाने फोन हार्डडिस्कजवळ धरला. "दादा, ऐक." टक्, टक्, टक्, मग शांतता, पुन्हा टक्. आदल्या रात्री ती चालू असतानाच टेबलावरून फरशीवर पडली होती. आत लेकीच्या बारशापासूनचे सगळे फोटो, दुसरी प्रत कुठेच नाही. सकाळपासून तो ती पुन्हा पुन्हा लावून बघत होता. म्हटलं, "आधी वायर काढ, मग बोलू."

अशा छोट्या डिस्कच्या आतली चकती बहुधा मिनिटाला 5400 फेरे घेते. तिच्यावरून वाचणारं हेड चकतीला टेकत नाही, हवेच्या थरावर काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. केस त्याच्या हजारो पट जाड! सुरू होताना हेड चकतीवर येऊन स्वतःची जागा ओळखण्याच्या खुणा शोधतं. त्या वाचता आल्या नाहीत की हात मागे जातो, पुन्हा येतो. ती ये-जा म्हणजेच टकटक. पडलेल्या डिस्कमध्ये बहुतेकदा हेडच वाकलेलं असतं, आणि वाकलेलं हेड चकतीवरचा लेप खरवडतं. लेप गेला की तिथला फोटोही गेला. तो कोणालाच परत आणता येत नाही.

टकटक नाही, दिवा लागतो, पण तळहाताला थरथर जाणवत नाही आणि बारीक 'टूं टूं' येतं, तेव्हा गोष्ट वेगळी. डिस्कमध्ये स्पीकर नसतो. तो आवाज फिरू न शकणाऱ्या मोटरचा. हेड चकतीला चिकटलेलं असतं किंवा मोटर जाम झालेली असते. कधी मात्र नुसती वीज अपुरी पडते, आणि त्यानेही टकटक होऊ शकते. म्हणून डिस्क पडलेली नसेल, तर हब बाजूला ठेवून, दुसरी आखूड केबल थेट कॉम्प्युटरला लावून एकदाच बघावं. पडली असेल तर तेही नको.

बाकीचे घरगुती उपाय मला भीतीदायक वाटतात. फ्रीजरमध्ये ठेवलेल्या डिस्कच्या आत दव धरतं. उघडून बघितली की धूळ बसते. वरचं सर्किट दुसऱ्या डिस्कचं बसवलं तरी सहसा चालत नाही, कारण जुन्यावरच्या चिपमध्ये त्याच डिस्कची मोजमापं असतात. विंडोज फॉरमॅट करायला सांगेल, नकार द्यावा. `chkdsk /f` तर त्याच आजारी डिस्कवर दुरुस्त्या लिहू लागतं. रिकव्हरी सॉफ्टवेअरचाही उपयोग नाही. वाचणारं हेडच मोडलंय.

भावाची डिस्क शेवटी लॅबमध्ये गेली. तिथे धूळविरहित जागेत त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कची हेडं बसवून आधी संपूर्ण प्रत काढली. "पडल्यावर किती वेळा लावली?" हा त्यांचा पहिला प्रश्न. भाऊ म्हणाला, "दहा-बारा." चकतीवर गोल ओरखडा होता. बारशाचे फोटो आले, पहिल्या वाढदिवसाचे नाही.