ठराव चंद्रपूरचा, गुण पुराव्याला

‘हवामान बदल रोखण्यासाठी भारताने कोळसा सोडावा का?’ हा विषय अकरावी-बारावीच्या वर्गाला दिला की पुढे काय होणार, हे बहुतेक शिक्षकांना ठाऊक असते. अनुकूल बाजू पृथ्वी वाचवण्याची हाक देते, प्रतिकूल बाजू गरिबाच्या घरातल्या दिव्याची आठवण करून देते, टाळ्या पडतात. तास संपल्यावर मात्र मेगावॅट आणि युनिट यांतला फरक कोणालाच सांगता येत नाही. दोष विषयाचा आहे. इतक्या अवाढव्य प्रश्नावर सतरा वर्षांच्या मुलाला फक्त घोषणा देता येतात. म्हणून वादविवादाचा हा घटक घेणाऱ्या शिक्षकाने पहिले काम करावे ते ठराव लहान करण्याचे. निर्णय कोणाचा, कशाबद्दल आणि कधीपर्यंत, हे ठरावाच्या एका वाक्यात आले पाहिजे.

एक ठराव घेऊ: ‘चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्रातले २१० मेगावॅटचे संच क्रमांक ३ व ४ सन २०३० पूर्वी बंद करावेत.’ महानिर्मितीच्या या केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट. तिथले पहिले दोन संच याआधीच बंद झालेले आहेत. तिसरा आणि चौथा १९८० च्या दशकाच्या मध्यावर सुरू झाले, म्हणजे त्यांनी चाळिशी गाठली आहे. दोन्ही बाजूंना हाताशी धरायला भक्कम कागद आहेत, हे या ठरावाचे बळ. २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन गाठण्याची घोषणा भारताने २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत केली. त्याच परिषदेच्या अंतिम मसुद्यात कोळसा ‘संपवण्या’ऐवजी ‘कमी करत नेण्याचा’ शब्दप्रयोग भारताच्या आग्रहाने आला. आणि जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने, विजेची वाढती मागणी पाहता २०३० पर्यंत औष्णिक संच निवृत्त करू नयेत, अशी सूचना वीज कंपन्यांना दिली. एकाच देशाचे हे तीन कागद मुलांसमोर ठेवले की सोपे उत्तर आपोआप बाद होते.

अनुकूल-प्रतिकूल असे दोनच गट पाडण्यापेक्षा मी जनसुनावणीचा साचा सुचवेन. नव्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी देताना २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे जिल्हा प्रशासनाच्या अध्यक्षतेखाली अशी सुनावणी होते. संच बंद करायला ती लागत नाही, आपण फक्त रीत उसनी घेतो. भूमिका सहा पुरतात: महानिर्मितीचा अभियंता, कंत्राटी कामगार, केंद्राजवळच्या वस्तीतली रहिवासी, दिवसा वीज मागणारा शेतकरी, कोळसा खाणीतला कामगार आणि हवामान धोरणाची अभ्यासक. प्रत्येक भूमिकेला चार-पाच विद्यार्थी. उरलेला वर्ग निर्णय मंडळ. ते प्रेक्षक नव्हेत; शेवटी लेखी निकाल त्यांनी द्यायचा आहे.

भूमिकापत्रिकेत तीन ओळी असाव्यात: याला काय हवे आहे, याला भीती कशाची आहे आणि याला कोणती गोष्ट नाकारता येणार नाही. तिसरी ओळ नसेल तर अभियंता खलनायक होतो आणि रहिवासी रडवेली. अभियंत्याला चिमणीतून बाहेर पडणारा सल्फर डायऑक्साइड आणि राखेचे ढीग नाकारता येणार नाहीत. रहिवाशाला आपल्या घरचा सायंकाळचा पंखाही विजेवरच चालतो, हे नाकारता येणार नाही. खाण कामगाराला, दोन जुने संच बंद झाले म्हणून खाण लगेच बंद पडत नाही, हे मान्य करावे लागेल. कंत्राटी कामगाराची पत्रिका लिहायला सर्वांत कठीण आणि म्हणूनच सर्वांत मोलाची. कायम कर्मचाऱ्याची बदली दुसऱ्या केंद्रात होऊ शकते. कंत्राटी माणसाचे काम संचाबरोबरच जाते. त्याच्यासाठी दक्षिण आफ्रिकेतल्या कोमाटी केंद्राची हकिगत पुराव्यात ठेवावी. ते कोळशाचे केंद्र ऑक्टोबर २०२२ मध्ये बंद झाले आणि तिथे सौरऊर्जा व प्रशिक्षणाची योजना आखली होती, पण गावातली कामे आधी गेली आणि पर्याय मागून यायला लागला. हा दाखला संच बंद करू नयेत म्हणूनही वापरता येतो, आणि बंद करण्याआधी काय करावे यासाठीही. तो कोण कसा वापरतो, हे ऐकण्यासारखे असते.

भूमिका चिठ्ठ्या टाकून द्याव्यात. मात्र औद्योगिक गावात एखाद्याचे वडील खरोखरच कंत्राटी कामगार असतात. अशा मुलाला कारण न विचारता भूमिका बदलू द्यावी.

आता पुराव्याच्या संचाविषयी, कारण सगळा घटक त्याच्यावरच उभा राहतो किंवा कोसळतो. प्रत्येक भूमिकेला पाच-सहा पाने, त्यांतली तीन सर्वांना सारखी. दर पानाच्या डोक्यावर चार गोष्टी छापलेल्या हव्यात: हे कोणी म्हटले, कधी म्हटले, आकडा कशाचा आहे आणि या पानावरून काय कळत नाही. शेवटचा रकाना शिक्षकाने मोकळा ठेवावा. तो मुलांनी भरायचा.

सामायिक पानांपैकी दोन शेजारीशेजारी ठेवायची. एक सांगते की भारताच्या एकूण स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता २०२५ च्या मध्यापर्यंत बिगर-जीवाश्म स्रोतांची झाली. त्यात सौर, पवन, जलविद्युत आणि अणुऊर्जा सगळे आले. दुसरे सांगते की देशात प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेचा मोठा भाग, साधारण सत्तर टक्क्यांच्या आसपास, अजून कोळशापासून येतो. कोणी तरी उठून ‘आता आपली निम्मी वीज स्वच्छ आहे’ असे म्हणणारच. तिथे शिक्षकाने उत्तर देऊ नये, गणित द्यावे.

एक २१० मेगावॅटचा संच वर्षभर सरासरी साठ टक्के भाराने चालला असे धरा. वर्षाचे तास ८,७६०. २१० गुणिले ८,७६० गुणिले ०.६ म्हणजे सुमारे ११ लाख मेगावॅट-तास, घरच्या बिलाच्या भाषेत ११० कोटी युनिट. जुन्या कोळसा संचातून एका युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड जातो, म्हणजे वर्षाला ११ लाख टनांच्या घरात. आता तेवढीच युनिटे सौर पॅनेलमधून काढायची आहेत. रात्र, ढग आणि ऊन्हाची तिरीप धरून सौर प्रकल्प वर्षभरात आपल्या क्षमतेच्या सुमारे वीस टक्केच वीज देतो. म्हणजे २१० मेगावॅटच्या या संचाच्या जागी जवळपास ६३० मेगावॅट सौर क्षमता लागेल. एका मेगावॅटला चार-पाच एकर धरले तर अडीच ते तीन हजार एकर जमीन. आणि तरीही सायंकाळी सात वाजता काय, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर बॅटरी, जलविद्युत किंवा मागणीच दिवसाकडे सरकवणे. इथे शेतकऱ्याची भूमिका एकदम महत्त्वाची होते, कारण कृषिपंप दिवसा सौर विजेवर चालले तर रात्रीचा तेवढा भार हलका होतो. क्षमता आणि उत्पादन हा फरक ज्याने एकदा स्वतः गुणाकार करून पाहिला, तो पुढे वर्तमानपत्रातली मेगावॅटची बातमी वेगळ्या नजरेने वाचतो.

दुसरी गफलत याहून चिवट आहे. मुले धूळ, राख, सल्फर डायऑक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड यांची एकच गोधडी शिवतात आणि तिला प्रदूषण म्हणतात. खोकला येतो तो धुळीने आणि सल्फरच्या वायूने, आणि तो जवळपासच्या माणसाला येतो. कार्बन डायऑक्साइडने वस्तीत कोणी खोकत नाही. तो जगाच्या हवेत मिसळतो आणि दीर्घकाळ तिथे राहतो. त्यामुळे ‘चिमणीला सल्फर काढणारी यंत्रणा बसवा, मग संच बंद करायची गरज नाही’ हे उत्तर रहिवाशाच्या तक्रारीचे अंशतः आहे, हवामानाच्या प्रश्नाचे मुळीच नाही; ती यंत्रणा चालवायलाही थोडी वीज लागते. उलट ‘संच बंद केला की चंद्रपूरची हवा स्वच्छ’ हेही टिकत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये चंद्रपूरला अतिप्रदूषित क्षेत्रांत धरले होते, पण तिथे खाणी आहेत, कोळशाचे ट्रक आहेत, इतर कारखाने आहेत. हवा मोजणाऱ्या एका यंत्राचा आकडा कोणत्या चिमणीचा किती, हे सांगत नाही. पानावरचा ‘काय कळत नाही’ हा रकाना नेमका इथे भरला जायला हवा. तो कोरा राहिला असेल तर वाचन झालेले नाही, असे खुशाल समजावे.

तासांची वाटणी साधी आहे: एक तास ठराव आणि भूमिकांना, दोन पुराव्याला, एक प्रश्न लिहायला, दोन सुनावणीला. प्रश्न लिहिण्याचा तास वाचवण्याचा मोह टाळावा. उलटतपासणी आयत्या वेळी सुचत नाही.

गुणांकनात आपली जुनी सवय आड येते. वक्तृत्व स्पर्धेत आवाज, पाठांतर आणि आविर्भाव यांना मान असतो, आणि परीक्षकाच्या हातून नकळत त्यांनाच गुण जातात. या घटकात पन्नासपैकी वीस गुण पुराव्याच्या वापराला, पंधरा समोरच्याला दिलेल्या उत्तराला, दहा शेवटच्या लेखी टिपणाला आणि मांडणीला फक्त पाच ठेवावेत. ठराव संमत झाला की फेटाळला, याला गुण नाहीत.

पुराव्याचे गुण पायऱ्यांनी द्यावेत, म्हणजे वाद होत नाही. ‘कोळशाने फार प्रदूषण होते’ याला शून्य. ‘संच वर्षाला ११ लाख टन कार्बन डायऑक्साइड सोडतो’ याला एक, कारण आकडा आहे पण कुठून आला ते नाही. ‘साठ टक्के भार आणि युनिटमागे एक किलो धरून हा हिशेब केला आहे’ असे म्हटले तर दोन. ‘भार कमी झाला तर आकडा उतरेल, आणि या संचाचा खरा भार आमच्या पानावर नाही’ असे जोडले तर तीन. आणि ‘अभियंत्यांनी भार कमी असल्याचे सांगितले; मग याच कारणाने हे संच टिकवण्याची गरजही कमी ठरते’ असे समोरच्याच्या मुद्द्याला भिडवले तर चार. एका विद्यार्थ्याची सर्वोत्तम पाच विधाने मोजावीत. त्यामुळे कमी बोलणारी पण नेमके बोलणारी मुलगी मागे पडत नाही.

दोन परीक्षकांनी वेगवेगळे गुण द्यावेत. दोघांत दहापेक्षा जास्त अंतर पडले तर मांडणीचा रकाना आधी तपासावा. बहुधा एकाने भाषणाला भुलून पुराव्याच्या रकान्यात भर घातलेली असते. निर्णय मंडळाचे मत सुनावणीआधी आणि नंतर चिठ्ठीवर घ्यावे. लेखी टिपणात प्रत्येकाने एकच सांगायचे: कोणत्या पानाने मत बदलले, किंवा कोणते पान मत बदलायला जवळ आले होते आणि का पुरले नाही. मत बदलणाऱ्याला जादा गुण देऊ नयेत, नाहीतर सगळेच बदलल्याचे नाटक करतील.

हा पुरावा शिळा होतो. क्षमतेचे आकडे दर महिन्याला सरकतात, म्हणून दर वर्षी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या मासिक अहवालांवरून सामायिक पाने नव्याने काढावीत आणि जुनी पानेही जपून ठेवावीत. गेल्या वर्षीचे पान आणि या वर्षीचे पान एकत्र दिले तर दुसऱ्या तासाचे निम्मे काम होते. आणि या दोन संचांचा निर्णय प्रत्यक्षात होऊन गेला, तर भूमिका त्याच ठेवून ठराव बदलावा: रिकाम्या झालेल्या जागेवर काय यावे, आणि संचावरच्या कंत्राटी कामगाराला पहिला हक्क कशावर मिळावा.