खोलीला फरश्या किती लागतील?

दुकानात खोलीचे माप सांगितले की हिशेब लगेच मिळतो: सरळ फरशीला दहा टक्के जास्त, तिरक्या फरशीला पंधरा टक्के. हा ठोकताळा चुकीचा नाही, पण खोलीत प्रत्यक्ष काय वाया जाईल ते त्यातून कळत नाही. ते तुकडे मोजले की कळते. बारा बाय दहा फुटांची नेहमीची खोली घेऊन मोजूया.

आधी फरशीचे खरे माप पाहू. जिला आपण ‘दोन बाय दोन’ म्हणतो ती ६०० मिलिमीटरची, म्हणजे दोन फुटांपेक्षा सुमारे एक सेंटिमीटर लहान असते. चार फरश्यांच्या खोक्यात १६ नव्हे, साधारण साडेपंधरा चौरस फूट भरतात. म्हणून या खोलीचे क्षेत्रफळ १२० चौरस फूट असले, तरी ३० फरश्यांनी ती भरत नाही. हिशेब जवळजवळ ३१ वर जातो.

सरळ फरशी एका कोपऱ्यातून बसवत गेलात, तर समोरच्या दोन भिंतींशी जेमतेम दोन इंचांच्या पट्ट्या उरतात. अशी चिंचोळी पट्टी कापताना तुटते आणि बसली तरी डोळ्यांना खुपते. चांगला मिस्त्री म्हणून मांडणी खोलीच्या मध्यावर घेतो. मग चारही कडांना सारखे, सुमारे १३ इंचांचे तुकडे येतात. खोली देखणी दिसते, पण १३ इंच म्हणजे अर्ध्या फरशीहून थोडे जास्त. एका फरशीतून असा एकच तुकडा निघतो आणि उरलेली अकरा इंचांची पट्टी जमिनीवर कुठेच बसत नाही. आता मोजा: लांबीत सात, रुंदीत सहा, एकूण ४२ फरश्या. दहा टक्क्यांच्या हिशेबाने आणलेल्या ३५ इथे कमी पडतात.

हीच खोली तिरकी, ४५ अंशांत मांडू. एक फरशी बरोबर खोलीच्या मध्यावर, तिची टोके भिंतींकडे. अख्ख्या बसतात त्या फक्त १७. कडेला ३२ तुकडे येतात, म्हणजे प्रत्येक तुकड्याला नवी फरशी कापली तर ४९ लागतील. तिरक्या फरशीची बदनामी होते ती इथे.

पण तुकडे नीट पाहा. बारा फुटांच्या दोन भिंतींशी मिळून आठ मोठे तुकडे लागतात. त्यांसाठी कापलेल्या प्रत्येक फरशीचे सुमारे पावणेसात इंच उंचीचे त्रिकोणी टोक उरते. दहा फुटांच्या भिंतींशी आठच लहान त्रिकोण हवेत, त्यांची उंची सव्वापाच इंच. ते या टोकांतून सहज निघतात. त्याच भिंतींशी आणखी सहा मोठे तुकडे लागतात. त्यांची साडेअकरा इंचांची टोके उरतात आणि लांब भिंतींशी लागणारे दहा इंचांचे सहा त्रिकोण त्यांतून होतात. चार कोपऱ्यांना दोन फरश्या पुरतात. सतरा, आठ, सहा आणि दोन, एकूण ३३. सरळ मांडणीपेक्षा नऊ कमी!

याला दोन अटी आहेत. पहिली अट फरशीवरच्या नक्षीची. टोक एका भिंतीकडून शेजारच्या भिंतीकडे नेताना काटकोनात फिरते. साध्या किंवा ठिपक्यांच्या फरशीत ते कळत नाही, पण संगमरवरासारख्या एका दिशेच्या रेषा असतील तर तुकडा उपरा दिसतो. अशा फरशीत तीन-चार नग जास्त धरा. दुसरी अट मिस्त्रीची. उरलेली टोके तो बाजूला रचून ठेवतो की कचऱ्यात टाकतो, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. सबंध बचत त्यावर ठरते.

स्कर्टिंग याच फरशीचे करायचे असेल तर दार वगळून साधारण ४१ फूट पट्टी लागते. एका फरशीतून चार इंची पाचच पट्ट्या निघतात, कारण सहावीला जागा थोडक्यात कमी पडते. तिरक्या मांडणीत त्यासाठी पाच फरश्या वेगळ्या धरा. सरळ मांडणीत उरलेल्या अकरा इंची पट्ट्यांतूनच स्कर्टिंग निघते, तेवढाच तिचा फायदा. म्हणजे स्कर्टिंगसह तिरकीला ३८, सरळला ४२. शिवाय कापताना कोपरा उडणे, खोक्यातच तडा गेलेली फरशी निघणे हे होतेच. तिरकीला त्यासाठी तीन धरल्या की ४१. खोकी फोडून मिळत नाहीत, म्हणून अकरा खोकी, म्हणजे ४४ फरश्या घ्याव्या लागतात.

हे आकडे याच मापाच्या खोलीचे आहेत. खोली सहा इंचांनी लहान-मोठी झाली की कडेचे तुकडे बदलतात आणि हिशेब उलटूही शकतो. म्हणून भिंतीची दोन्ही टोकांना मापे घ्या, दोन्ही कर्ण मोजून खोली काटकोनात आहे का ते पाहा आणि चौकटीच्या कागदावर मांडणी काढून तुकडे मोजा. सगळी खोकी एकदमच आणा आणि त्यांच्यावरचा शेड व बॅचचा क्रमांक एकच आहे याची खात्री करा. नंतर आणलेल्या चार फरश्यांचा रंग किंवा माप किंचित निराळे निघाले, तर तो फरक खोलीच्या मध्यावरही दिसतो. काम संपल्यावर उरलेल्या दोन-तीन अख्ख्या फरश्या माळ्यावर उभ्या ठेवा. नळाच्या दुरुस्तीसाठी जमीन फोडावी लागली, तर तोच शेड तेव्हा बाजारात मिळेलच असे नाही.