संमोहन, सुया आणि लेझर: सिगारेट सोडवण्याचे दावे कसे तपासावेत

‘एका बैठकीत सिगारेट बंद, ९० टक्के यश’ अशी जाहिरात आपण पाहिली असेल. पैसे भरण्याआधी हे ९० टक्के कुठून येतात ते पाहू.

समजा, एका केंद्रात १०० जण उपचार घेऊन गेले. महिन्याभराने केंद्राने सगळ्यांना फोन केले आणि ४० जणांनी उचलले. त्यातले ३६ जण म्हणाले, ‘सुटली.’ ४० पैकी ३६ म्हणजे ९० टक्के. पण ज्यांनी फोन उचललाच नाही, त्यांच्यातले बरेच जण पुन्हा ओढू लागलेले असतात. म्हणून चांगल्या अभ्यासात बेपत्ता झालेला प्रत्येक जण ‘सिगारेट चालूच’ असा धरतात. तसे धरले की यश ३६ टक्क्यांवर येते, तेही फक्त एका महिन्याचे.

खरी मोजणी निदान सहा महिन्यांनी करतात, कारण त्या काळात अनेक जण पुन्हा सुरू करतात. नुसत्या शब्दावरही विसंबत नाहीत. एका छोट्या यंत्रात फुंकर मारायला लावतात. ओढणाऱ्याच्या श्वासात कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे धुरातला विषारी वायू, जास्त सापडतो. मात्र हा वायू साधारण दिवसभरात शरीराबाहेर पडतो, त्यामुळे फुंकर फक्त आदल्या काही तासांचेच सांगते. अधिक मागचे पाहायचे तर लाळेत किंवा लघवीत कोटिनीन, म्हणजे निकोटीनपासून शरीरात बनणारा पदार्थ, तपासतात. त्याची खूण काही दिवस राहते.

यानंतरचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: सिगारेट सुटली ती उपचाराने, की मनाची तयारी आणि कुणीतरी आपुलकीने दिलेला वेळ यांमुळे? हे वेगळे काढायला निम्म्या लोकांना हुबेहूब दिसणारा खोटा उपचार देतात. ॲक्युपंक्चरसाठी अशी सुई असते की टोक त्वचेला टेकताच ती आपल्याच मुठीत सरकते. टोचल्यासारखे वाटते, पण सुई आत जात नाही.

लेझरमध्ये तर हे आणखी सोपे. या उपचारात कानावरच्या आणि हातावरच्या बिंदूंवर पेनासारख्या दांडीने मंद प्रकाश सोडतात. तो भाजत नाही, टोचत नाही, जाणवतही नाही. त्यामुळे यंत्र बंद ठेवले तरी रुग्णाला कळत नाही. सिंगापूरमध्ये सिगारेट ओढणाऱ्या ३३० किशोरवयीन मुलांवर असाच प्रयोग झाला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. उपचार संपला तेव्हा खऱ्या लेझरच्या गटात सुमारे २२ टक्के मुलांनी सोडली होती आणि खोट्या लेझरच्या गटात सुमारे २१ टक्के. तीन महिन्यांनीही दोन्ही गट जवळपास सारखेच होते. फक्त खरा गट पाहिला असता तर हेच २२ टक्के लेझरच्या नावावर जमा झाले असते. लेझरचे इतर काही अभ्यास अनुकूल निघाले, पण निकाल एकमेकांशी जुळत नाहीत.

ॲक्युपंक्चरचे चित्र थोडे वेगळे आहे. वैद्यकीय अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१४ साली ३८ अभ्यास तपासले. सुरुवातीच्या काही आठवड्यांत खऱ्या सुयांचा खोट्यापेक्षा थोडा फायदा दिसला. सहा महिन्यांपर्यंत तो टिकल्याचा पुरावा मिळाला नाही.

संमोहन तपासणे सर्वांत अवघड, कारण खोटे संमोहन करणार कसे? म्हणून तेवढाच वेळ समुपदेशन घेणाऱ्यांशी तुलना करतात. कॉक्रेनच्या २०१९ च्या आढाव्यात १४ अभ्यास होते. संमोहन समुपदेशनाहून सरस ठरते असे त्यांतून म्हणता आले नाही. ते निरुपयोगी ठरले असा याचा अर्थ नाही. अभ्यास लहान आहेत आणि प्रत्येकाची पद्धत निराळी, म्हणून निर्णय देता येत नाही.

याउलट निकोटीनचे च्युइंगगम आणि पट्ट्या यांच्यामागे शंभराहून अधिक अभ्यास आहेत. त्यांनी यशाची शक्यता सुमारे दीडपट होते. व्हॅरेनिक्लिन या गोळीने ती दुपटीच्या आसपास जाते, पण ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी. गमच्या बाबतीत बहुतेकांची चूक एकच: साध्या च्युइंगगमसारखे भराभर चघळणे. मग निकोटीन लाळेबरोबर पोटात जाते, मळमळते, आणि ‘मला गम सोसत नाही’ म्हणून माणूस ते टाकून देतो. सावकाश चावावे, झिणझिणले की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवावे, झिणझिण थांबली की पुन्हा चावावे. एक गम साधारण अर्धा तास चालते.

आपल्याला तरीही सुया किंवा संमोहन करून पाहायचे असेल तर केंद्रात तीन गोष्टी विचाराव्यात: यश किती महिन्यांनी मोजले, फोन न उचलणाऱ्यांना कशात धरले, आणि श्वास तपासला का. सुया नव्या, सीलबंद पाकिटातल्या आहेत हेही पाहावे. तिथे कुणी गम किंवा गोळ्या बंद करायला सांगितल्या, तर ऐकू नये. तलफ पहिल्या आठवड्यात सर्वांत तीव्र असते आणि नेमका तेव्हाच त्यांचा आधार लागतो. मराठीत बोलायचे असेल तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्विटलाइनवर समुपदेशन मोफत मिळते.