आहेरातली गाण्यांची चिठ्ठी

लग्नात कुकर, डिनर सेट नाहीतर भिंतीवरचं घड्याळ देणाऱ्यांनी त्या खोक्यात एक चिठ्ठी घालावी. तिच्यात लग्नानंतरच्या पहिल्या वर्षासाठी चार-पाच गाणी लिहावीत आणि प्रत्येक गाण्यापुढे ते का दिलं याचं एक-दोन ओळींत कारण द्यावं. खर्च काहीच नाही, पण काम दिसतं तितकं सोपंही नाही. ‘फार गोड गाणं आहे’ हे कारण होत नाही. गोड गाणी त्यांनाही ठाऊक असतात. हे गाणं तुम्हाला, आणि याच वेळी का, ते सांगता आलं पाहिजे.

वेळ ठरवणं आपल्याकडे सोपं आहे, कारण नव्या जोडप्याचं पहिलं वर्ष सणांनीच आखलेलं असतं: श्रावणात मंगळागौर, मग दसरा, दिवाळसण, संक्रांतीला हलव्याचे दागिने. वैशाखात लग्न झालेल्या, दोघंही नोकरी करणाऱ्या एका जोडप्यासाठी चिठ्ठी लिहायची आहे असं धरू.

पहिलं गाणं ‘हे चिंचेचे झाड’. १९६७ च्या ‘मधुचंद्र’ चित्रपटातलं, आशा भोसले आणि महेंद्र कपूर यांनी गायलेलं. प्रेमात पडलेल्याला साधं चिंचेचं झाड काश्मीरच्या चिनारासारखं दिसू लागतं, ही त्यातली गंमत. चिठ्ठीत लिहायचं: “रजा संपली, पैसे कार्यालयवाल्याने नेले. काश्मीर पुढच्या वर्षी. तोवर गच्चीवर जाऊन हे ऐका.”

श्रावणासाठी पाडगावकर, खळे आणि लताबाईंचं ‘श्रावणात घननिळा बरसला’ आहेच. त्याला कारण लिहायचीही गरज नाही, खिडकी उघडी असली की झालं.

दसऱ्याला मात्र मी ‘ऐरणीच्या देवा’च देईन. भालजी पेंढारकरांच्या ‘साधी माणसं’ (१९६५) मधलं, जगदीश खेबुडकरांनी लिहिलेलं आणि लताबाईंनी गायलेलं हे गाणं. संगीतकार म्हणून नाव येतं ‘आनंदघन’ असं. ते लताबाईंचंच टोपणनाव. प्रेमगीतांच्या यादीत हे कोणी घेत नाही. पण पडद्यावर ऐरणीपुढे राबणारं लोहाराचं जोडपं आहे, आणि देवाकडे मागणं आहे ते कष्टाच्या पोटचं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, हत्यारं पुजायची रीत आहे. तेव्हा चिठ्ठीत असं: “दोघांचे लॅपटॉप शेजारी-शेजारी ठेवा, हळदकुंकू वाहा, आणि हे लावा. घर दोघांच्या कमाईवर चाललंय, हे वर्षातून एकदा तरी मोठ्याने कबूल करावं.”

पुढचं गाणं तिथीवर बसत नाही, कारण पहिलं कडाक्याचं भांडण पंचांगात नसतं. त्यासाठी ‘ऋणानुबंधांच्या जिथून पडल्या गाठी’. बाळ कोल्हटकरांच्या ‘देव दीनाघरी धावला’ या नाटकातलं पद, संगीत वसंत देसाईंचं, गायलंय कुमार गंधर्व आणि वाणी जयराम यांनी. त्यात रुसणंही आहे आणि रुसता रुसता येणारं हसूही. इथे कारण एका ओळीचंच बरं: “जो आधी लावेल, त्याने माफी मागितली असं समजू नये.” ही ओळ नसेल, तर गाणं लावणं हाच नव्या भांडणाचा विषय व्हायचा.

संक्रांतीच्या गार रात्रीला ‘शुक्रतारा मंद वारा’. पुन्हा पाडगावकर आणि खळे, पण आवाज अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांचे. युगुलगीत असल्याने एकट्याने म्हणून भागत नाही, हेच त्याचं कारण. सूर लागला नाही तरी चालेल, शेजारी काय म्हणायचं ते म्हणोत.

आता फसगत कुठे होते ते. चाल आठवते, शब्द आठवत नाहीत. ‘भातुकलीच्या खेळामधली’ मी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात हौसेने गायलेलं ऐकलं आहे. ते राजा-राणीच्या ताटातुटीचं गाणं आहे! म्हणून चिठ्ठीत घालण्याआधी प्रत्येक गाणं शेवटच्या कडव्यापर्यंत ऐकावं. लेकीच्या पाठवणीची गाणीही नकोत. मांडवात ती शोभतात, पण सासरी नुकत्याच रुळू लागलेल्या मुलीला ती पुन्हा रडवतात. आणि अंगाई तर मुळीच नको. ‘गोड बातमी कधी?’ हे विचारायला बाकीचे नातेवाईक समर्थ आहेत.

गाण्यासोबत गायकाचं आणि चित्रपटाचं किंवा नाटकाचं नाव जरूर लिहा. नाहीतर मोबाइलवर शोधताना रिमिक्स, नाहीतर कुठल्या स्पर्धेतल्या मुलाचं गाणं हाती लागतं, आणि तुम्ही जे द्यायला निघालात ते पोचतच नाही.

शेवटचं, पण महत्त्वाचं. ही चिठ्ठी आहेराच्या पाकिटात घालू नका. ती पाकिटं रात्री घाईत फोडली जातात, नोटा वहीत मांडल्या जातात आणि बाकी सगळं केरात जातं. कुकर देत असाल तर चिठ्ठी आतल्या डब्यात ठेवा. पहिला भात लावताना ती सापडल्याशिवाय राहत नाही.