नव्वद टक्के जातात कुठे?

गवत, उंदीर, साप, मोर. बारावीला बायो घेतलं असेल तर ही साखळी तुम्हाला झोपेतसुद्धा आठवेल. गवतात २० ज्यूल ऊर्जा साठली, तर मोराला किती मिळेल? तीन बाण, तीनदा दहाने भागा, उत्तर ०.०२ ज्यूल, चला पुढचा प्रश्न. घाईत गडबड होते ती एवढीच, की नावं चार दिसतात म्हणून भागाकारही चारदा होतो. बाण मोजायचे, नावं नाही.

मार्क तर मिळाले. पण उरलेले नव्वद टक्के गेले कुठे, असं कुणी विचारलं की आपण 'उष्णता म्हणून बाहेर पडतात' असं सांगून मोकळे होतो. उत्तर चूक नाही, पण अर्धंच आहे. आणि दरवेळी बरोब्बर दहाच का? निसर्गाने काय जीएसटीसारखा रेट ठरवून दिलाय?

हा हिशेब कुणीतरी खरंच पाण्यात उतरून मांडलाय. अमेरिकेतल्या फ्लोरिडात सिल्व्हर स्प्रिंग्ज नावाचा मोठा झरा आहे. हॉवर्ड ओडम या शास्त्रज्ञाने तिथे केलेला अभ्यास १९५७ साली छापून आला. झरा निवडण्यामागे कारण होतं. पाणी काचेसारखं स्वच्छ आणि वर्षभर साधारण २३ अंशांवर. म्हणजे ऋतू बदलला म्हणून आकडे फारसे हलत नाहीत. वाहत्या पाण्यात ऑक्सिजन किती वाढतो आणि किती घटतो हे मोजत राहायचं, ही त्याची मुख्य युक्ती. दिवसा वाढलेला ऑक्सिजन म्हणजे वनस्पतींची शिल्लक. रात्री प्रकाशसंश्लेषण बंद, श्वसन मात्र चालूच, म्हणून तेव्हाची घट म्हणजे खर्च. शिल्लक आणि खर्च मिळवले की एकूण कमाई कळते.

ही कमाई निघाली दर चौरस मीटरला वर्षाकाठी २०,८१० किलोकॅलरी. (बिस्किटाच्या पुड्यावर आपण जिला नुसतं 'कॅलरी' म्हणतो, ती ही किलोकॅलरीच.) साखरेत सांगायचं तर पाच किलोंहून थोडी जास्त. यातल्या ११,९७७ वनस्पतींनी स्वतःच्या श्वसनातच खर्च केल्या. अंगात भर पडली ती ८,८३३ ची. खाणाऱ्यांसाठी ताट वाढलंय ते एवढंच.

आता ताटावर बसतात गोगलगायी, कासवं, शाकाहारी मासे, किडे. त्यांनी प्रत्यक्ष पचवून अंगात घेतलं ते ३,३६८. बाकीचं? इथे उष्णतेच्या आधीच्या दोन गळत्या दिसतात. पहिली, न खाल्लेलं. बरीच पानं प्रवाहाबरोबर खाली वाहून गेली, काही जागीच कुजली. दुसरी, खाल्लं पण पचलं नाही, विष्ठेतून बाहेर पडलं. ही गळती खरीच ऊर्जेची असते का, अशी शंका असेल तर गोवरी आठवा. गाईने खाऊन, रवंथ करून टाकलेल्या गवताच्या उरलेल्या भागावर आजही कितीतरी घरांत चूल पेटते. झऱ्यात गोवऱ्या थापणारं कुणी नाही, तिथे हा माल जिवाणूंसारख्या विघटकांकडे जातो. म्हणजे या दोन गळत्यांत ऊर्जा लगेच उष्णता होऊन उडत नाही, ती साखळीतून बाहेर पडून दुसऱ्याच वाटेने जाते.

तिसरी गळती आपली ओळखीची. पचवलेल्या ३,३६८ पैकी १,८९० पोहण्यात, चरण्यात, शरीर चालू ठेवण्यात जळाल्या. उरल्या १,४७८. हेच त्या वर्षी तयार झालेलं कासवाचं, गोगलगायीचं, किड्याचं नवं 'मांस'.

मांसाहारी माशांच्या आणि इतर छोट्या शिकाऱ्यांच्या अंगी लागलं ते त्यातलं फक्त ३८३. त्यातलेही ३१६ श्वसनात गेले, भर पडली ६७ ची. त्यांच्यावर जगणाऱ्या मोठ्या माशांपर्यंत पोचल्या २१, शिल्लक ६.

आता टक्केवारी काढा. ८,८३३ वरून १,४७८ म्हणजे जवळपास १७ टक्के. १,४७८ वरून ६७ म्हणजे साडेचार. ६७ वरून ६ म्हणजे नऊ. तिन्हींची सरासरी मात्र बघा, दहाच्या आसपास येते! दहा टक्के हा पायरीपायरीला लागू होणारा रेट नाही. वेगवेगळ्या पायऱ्यांचा तो साधारण अंदाज आहे.

पुस्तकात हा नियम रेमंड लिंडेमनच्या नावावर असतो. त्याचा सीडर बॉग तलावावरचा निबंध १९४२ मध्ये छापून आला, पण तो पाहायला लिंडेमन राहिला नव्हता. वयाच्या २६ व्या वर्षीच तो गेला. त्या तलावात शाकाहारींसाठी त्याला मिळालेला आकडा होता १३.३ टक्के आणि मांसाहारींसाठी २२.३. खुद्द लिंडेमनच्या तलावात दहाचा पत्ता नाही, हे मला तरी कुठल्या गाइडमध्ये वाचायला मिळालं नाही.

न्युमेरिकल सोडवताना याचा उपयोग आहे. प्रश्नात फक्त गवताची ऊर्जा दिली असेल तर खुशाल दहाने भागा, तिथे तेच अपेक्षित असतं. पण प्रत्येक पातळीचे आकडे दिले असतील, तर आधी बघा की ते एकूण आहेत की श्वसन वजा केलेले. वरच्याच झऱ्यात एकूण आकडे घेऊन भागलं, म्हणजे २०,८१०, ३,३६८, ३८३, २१, तर उत्तरं १६, ११ आणि साडेपाच टक्के येतात. झरा तोच, टक्के वेगळे. एका पातळीचा एकूण आणि दुसरीचा निव्वळ आकडा घेतला, तर येणाऱ्या उत्तराला काहीच अर्थ नाही.

आता परत त्या उंदराकडे या. तो उष्ण रक्ताचा. अंग सतत गरम ठेवायचं म्हणजे चोवीस तास शेगडी पेटती. सस्तन प्राणी पचवलेल्या ऊर्जेपैकी साधारण तीनच टक्के शरीरवाढीत घालतात. कीटकांत हेच प्रमाण चाळीस टक्क्यांच्या घरात जाऊ शकतं. उंदराने गवतातले २ ज्यूल पचवले असं धरलं, तर त्याच्या अंगात जेमतेम ०.०६ ज्यूल उरतील. मग सापाला पेपरातले ०.२ मिळणार कुठून? उंदराच्या जागी नाकतोडा आणि सापाच्या जागी बेडूक ठेवला, तर तेच गवत पुढे बरंच जास्त पोचेल.

राहिला प्रश्न, साखळी चार-पाच पातळ्यांतच का संपते? झऱ्यातल्या शेवटच्या त्या ६ किलोकॅलरी म्हणजे चहाच्या अर्ध्या चमच्याहूनही कमी साखर, तीही एका चौरस मीटरला वर्षभरासाठी. समजा या मोठ्या माशांवरच जगणारा आणखी एक प्राणी आला आणि त्याला रोज फक्त १०० किलोकॅलरी लागतात. म्हणजे वर्षाला ३६,५००. शिल्लक सगळीच्या सगळी त्याच्या अंगी लागली तरी त्याला सहा हजार चौरस मीटर पाणी पाहिजे. दहा टक्केच लागली तर साठ हजार, म्हणजे जवळपास पंधरा एकर. हे झालं एकट्याचं. जोडीदार आणि पिल्लं अजून मोजलेलीच नाहीत.