कंपनीचा ई-मेल आणि आपला खाजगी पत्रव्यवहार

आपल्या मंडळाचे अनेक सभासद भोसरी, पिंपरी, तळवडे आणि चाकण येथील कारखान्यांत नोकरीस आहेत. आपले विद्यार्थीही शिकाऊ उमेदवार म्हणून तेथे दाखल होत असतात. कामावर हजर होताच कंपनी एक ई-मेल पत्ता देते. आधी आपले नाव आणि पुढे कंपनीचे नाव. तो पत्ता मिळाला म्हणजे मनुष्य 'लागला' असे आपण समजतो आणि मग बँकेत, मुलांच्या शाळेत, शिष्यवृत्तीच्या अर्जावर, एवढेच काय वकिलालाही तोच पत्ता देतो. या पत्त्यावर आलेले पत्र मालक वाचू शकतो काय, याचा विचार करण्यासाठी हा लेख आहे.

थोडक्यात उत्तर असे की, वाचू शकतो. कारखान्याच्या आवक-जावक विभागाची आठवण करा. कंपनीच्या पत्त्यावर तुमच्या नावे आलेले पाकीट तेथील लिपिकाने फोडले तर आपण फारशी तक्रार करीत नाही, कारण पत्ता कंपनीचा आहे. ई-मेलचेही तसेच आहे. खात्यावर नाव तुमचे असले तरी खाते कंपनीचे असते. त्याची किल्ली आयटी विभागाकडे असते आणि ती चालवायला तुमचा पासवर्ड लागत नाही.

पुष्कळांचा समज असतो की, पत्र पुसून टाकले म्हणजे विषय संपला. तसे होत नाही. अनेक कंपन्यांत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पत्राची एक प्रत आपोआप वेगळ्या पेटीत जमा होण्याची सोय केलेली असते. तुम्ही तुमची प्रत पुसता, ती प्रत तशीच राहते. तपासणीच्या वेळी आयटी विभागाला तुमची सगळी पत्रे चाळत बसावी लागत नाहीत. एखादे नाव किंवा 'युनियन', 'वकील', 'राजीनामा' असा एखादा शब्द टाकला की तेवढीच पत्रे समोर येतात. हे झाल्याचे तुम्हाला कोणतेही चिन्ह दिसत नाही.

आता कायद्याकडे वळू. मार्च १९४७ मध्ये घटना समितीच्या मूलभूत हक्क उपसमितीपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जे निवेदन ठेवले, त्यात नागरिकाचे घर आणि कागदपत्रे यांना गैरवाजवी झडतीपासून संरक्षण मागितले होते. कन्हैयालाल मुन्शी यांच्या मसुद्यात पत्रव्यवहाराच्या गुप्ततेचा हक्क होता. अंतिम घटनेत या दोन्ही गोष्टी स्पष्ट शब्दांत आल्या नाहीत. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. परंतु मूलभूत हक्क मुख्यतः शासनाविरुद्ध मागता येतो. खाजगी कारखानदाराविरुद्ध तो थेट वापरणे कठीण असते. २००० सालचा माहिती तंत्रज्ञान कायदा दुसऱ्याच्या संगणकात मालकाच्या परवानगीशिवाय शिरण्यास मनाई करतो, पण येथे यंत्रणेची मालक कंपनीच आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यातही नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी माहिती वापरायला संमतीची गरज नाही, अशी तरतूद कलम ७ मध्ये केलेली आहे. शिवाय हजर होण्याच्या दिवशी आपण कागदांच्या ज्या गठ्ठ्यावर भराभर सह्या करतो, त्यात 'संगणक व ई-मेल वापराचे नियम' हा कागद बहुधा असतोच.

न्यायालयाने कामगाराची बाजू घेतल्याचे उदाहरणही आहे, परंतु ते परदेशातील आहे. रुमानियातील बार्बुलेस्कू नावाच्या अभियंत्याने कंपनीच्या सांगण्यावरून ग्राहकांना उत्तरे देण्यासाठी याहू मेसेंजरचे खाते उघडले होते. जुलै २००७ मध्ये कंपनीने त्याच्यापुढे ४५ पानांचा कागद ठेवला. त्यात त्याने भावाला आणि वाग्दत्त वधूला लिहिलेले संदेशही होते. ऑगस्टमध्ये त्याची नोकरी गेली. ५ सप्टेंबर २०१७ रोजी युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने ११ विरुद्ध ६ मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. पाळत किती व कशी ठेवली जाईल हे त्याला आधी सांगितले होते काय, हे त्याच्या देशातील न्यायालयांनी नीट पाहिले नाही, असे त्या न्यायालयाने म्हटले. न्याय मिळाला, पण त्याला दहा वर्षे लागली. हा निकाल आपल्या देशात बंधनकारकही नाही.

दुसरे नुकसान वाचले जाण्यापेक्षाही अधिक होते आणि त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. चाकणच्या सुट्या भागांच्या कारखान्यातील एका तपासनिसाची कल्पना करा. थकलेल्या ओव्हरटाइमबद्दल त्याने कंपनीच्या खात्यावरून वकिलाला लिहिले आहे. मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जावर आणि बँकेत पत्ता तोच आहे. एके दिवशी त्याची नोकरी संपते. गेटवर ओळखपत्र जमा होते आणि त्याच संध्याकाळी खाते बंद होते. वकिलाकडे गेलेली पत्रे आता कंपनीकडे आहेत, त्याच्याकडे नाहीत. अर्जातील त्रुटी कळवणारे पत्र त्याला न दिसणाऱ्या पेटीत पडते आणि मुदत निघून जाते. बँकेचा पासवर्ड बदलायचा तर त्याची खूणही त्याच बंद पत्त्यावर जाते.

म्हणून आमचे सांगणे असे की, स्वतःचे वेगळे खाते उघडावे आणि त्याला स्वतःचा मोबाइल क्रमांक जोडावा, कंपनीने दिलेला नव्हे. बँक, भविष्य निर्वाह निधी, शाळा, शिष्यवृत्ती, दवाखाना, वकील, युनियन आणि आपले मंडळ या सर्वांकडे तोच पत्ता द्यावा. नोकरीत असतानाच एक यादी करून जुना पत्ता एकेका ठिकाणी बदलून घ्यावा.

मात्र हे खाते कंपनीच्या लॅपटॉपवर उघडू नये. काही कंपन्या त्या यंत्रावर आपले प्रमाणपत्र बसवतात आणि मधल्या मध्ये खाजगी खात्यातील मजकूरही उघडून पाहू शकतात. हे ओळखण्याची एक खूण आहे. पत्त्याच्या पट्टीतील चिन्हावर टिचकी मारून प्रमाणपत्र कोणी दिले ते पाहावे. जीमेल उघडले असता तेथे Google Trust Services असे असायला हवे. त्याऐवजी कंपनीचे किंवा एखाद्या सुरक्षा यंत्रणेचे नाव दिसले, तर मध्ये कोणीतरी आहे असे समजावे. मात्र नाव बरोबर दिसले तरी निर्धास्त होऊ नये, कारण पडद्याचे चित्र टिपणारी यंत्रणा या खुणेत दिसत नाही. आपला मोबाइल आणि आपले इंटरनेट हेच बरे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कंपनीची ड्रॉइंगे, दरपत्रके किंवा ग्राहकांची यादी स्वतःच्या खात्यावर पाठवू नये. पुढे उपयोगी पडेल म्हणून पाठवलेली एक फाइल गैरवर्तनाच्या आरोपपत्रात पहिला पुरावा होते आणि मग आपली खरी तक्रारही कोणी ऐकत नाही. स्वतःचे नेमणूकपत्र आणि पगाराच्या पावत्या यांची प्रत मात्र दर महिन्याला रीतसर मागून घरी ठेवावी. कंपनीचे कंपनीकडे आणि आपले आपल्याकडे असले, म्हणजे नोकरी सुटल्याच्या दिवशी गेटवर फक्त ओळखपत्र द्यावे लागेल.