पाकिटाच्या पुढे एक, मागे अनेक

आंब्याच्या दह्याच्या कपावर ‘लो फॅट’ असं ठळक छापलेलं असतं. हा दावा बहुधा खराच असतो, कारण तो कायद्याने मोजला जातो. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या 2018 च्या नियमांनुसार घन पदार्थाच्या 100 ग्रॅममध्ये 3 ग्रॅमपेक्षा जास्त चरबी नसेल, तरच हे शब्द लिहिता येतात. द्रव पदार्थासाठी हीच मर्यादा 100 मिलिलिटरला दीड ग्रॅम आहे.

पण हा आकडा फक्त चरबीचा आहे. साय काढली की दह्याची चव आणि दाटपणा दोन्ही उणे होतात. ती उणीव बहुतेक वेळा साखर आणि स्टार्च घालून भरून काढली जाते. समजा, कपामागच्या तक्त्यात 100 ग्रॅममागे चरबी 2 ग्रॅम आणि ‘वरून घातलेली साखर’ 10 ग्रॅम अशी नोंद आहे. म्हणजे छोट्या वाटीभर दह्यातून सुमारे दोन चमचे साखर पोटात गेली. तरीही पुढचा दावा पूर्ण कायदेशीर राहतो.

लोणच्याच्या बरणीवर ‘नो अ‍ॅडेड प्रिझर्व्हेटिव्हज’ असतं. त्याचा अर्थ एवढाच, की सोडियम बेन्झोएटसारखं (घटकांच्या यादीत क्रमांक 211) रसायन टाकलेलं नाही. मग लोणचं वर्षभर टिकतं कसं? मीठ, तेल आणि आंबटपणा यांच्यामुळे. आजीची बरणीही याच बळावर टिकायची. इथे मागचा सोडियमचा आकडा वाचायला हवा. समजा, तो 100 ग्रॅमला 4,000 मिलिग्रॅम आहे. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ कळतं: इथे ते 10 ग्रॅम. ताटातल्या 15 ग्रॅम फोडींतून दीड ग्रॅम मीठ जातं, आणि दिवसभराची शिफारस 5 ग्रॅमच्या आत राहण्याची आहे. रक्तदाब असलेल्या घरात बेन्झोएटपेक्षा हा हिशेब कितीतरी महत्त्वाचा.

टेट्रापॅकच्या दुधावर असा दावा दिसला, तर त्याने हुरळून जायचं कारण नाही. ते दूध सुमारे 135 अंशांवर काही सेकंद तापवून निर्जंतुक वेष्टनात भरतात, त्यामुळे परिरक्षकाची त्याला गरजच नसते.

सगळ्यात जपून वाचावा तो ‘नॅचरल’. काहीही न मिसळलेल्या आणि खाण्याजोगं करण्यापुरतीच प्रक्रिया झालेल्या एकाच पदार्थाला नियम तो शब्द देतात. अनेक घटकांच्या बिस्किटाला किंवा नमकीनला स्वतःला ‘नॅचरल’ म्हणवता येत नाही. सगळे घटक त्या कसोटीला उतरले, तर ‘नैसर्गिक घटकांपासून बनवलेलं’ एवढंच लिहिता येतं. पळवाट राहते ती ब्रँडच्या नावात. नावातच असा दिशाभूल करू शकणारा शब्द असेल, तर हे केवळ ब्रँडचं नाव आहे, पदार्थाचं खरं स्वरूप नव्हे, असा खुलासा पाकिटावर छापावा लागतो. नावाशेजारी चांदणी दिसली, की तिच्यासमोरची ओळ शोधावी आणि मग पाकीट उलटून घटकांची यादी पाहावी. यादीत जे सर्वांत जास्त आहे ते पहिलं येतं.